मदत हवी आहे : झोपण्याआधी कुत्री घेत असलेल्या गिरक्यांबद्दल

नमस्कार. आम्ही परळला राहतो आणि आमच्याकडे अकरा वर्षांची एक गावठी कुत्री आहे. घडी केलेल्या गोधडीवर झोपताना ती आजवर दोन-तीन गिरक्या घेई, पंजांनी गोधडी उकरून मधे खळगा करी आणि मगच अंगाचे मुटकुळे करून बसे; उन्हाळ्यात गार लादीवर मात्र ती थेट अंग टाकत असे. गवत तुडवून जागा सपाट करण्याची ही पूर्वजांची सवय असावी, असे डार्विनने 1872 मध्येच लिहिले होते, आणि गोधडी व लादी यांतला फरक पाहता मला ते पटतेही.

गेल्या तीन आठवड्यांपासून मात्र ती लादीवरही आठ-दहा गिरक्या घेते, मागचे पाय अर्धवट वाकवून थबकते, पुन्हा उठते आणि शेवटी धपकन पडते. ती दोन्ही दिशांनी फिरते आणि मान एका बाजूला कललेली दिसत नाही, त्यामुळे कानाच्या आतल्या भागाचा किंवा मेंदूचा विकार असण्यापेक्षा मला सांधेदुखीचा संशय अधिक वाटतो. (पावसाळी दमटपणाला दोष देऊन आमची आई मोकळी झाली आहे.)

वयस्क कुत्र्यांमध्ये सांधेदुखीच्या गिरक्या आणि म्हातारपणच्या विस्मरणातून येणाऱ्या गिरक्या आपण कशा ओळखल्या? पशुवैद्यांना दाखवण्यासाठी चित्रफीत काढताना नेमके काय टिपावे? जाड गादीने कोणाच्या कुत्र्याला फरक पडला का?