मदत हवी आहे: बर्फाची अवशिष्ट एन्ट्रॉपी R ln 6 का येत नाही?

मृद्गंध: एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. कार्बन मोनॉक्साइडचं गणित पटतं: रेणू सुलटा किंवा उलटा, म्हणून R ln 2, म्हणजे 5.76. बर्फाला तीच रीत लावली. प्रत्येक ऑक्सिजनभोवती चार शेजारी, त्यातल्या दोघांकडे त्याचे हायड्रोजन. चारातून दोन, म्हणजे 6 मांडण्या. R ln 6 म्हणजे 14.9 ज्यूल प्रति केल्विन प्रति मोल. मोजलेली मात्र 3.4 च्या आसपास! कुठे चुकतंय?

उंबरठा: पाण्याचा सममिती अंक 2 आहे, त्याने भागायचं राहिलं. दोन्ही हायड्रोजन सारखेच ना?

मृद्गंध: मग R ln 3, म्हणजे 9.1. तरी खूपच जास्त.

जुनाखडू: उंबरठा, सारखेपणाचा मुद्दा रास्त आहे, पण तो आधीच धरलाय. हायड्रोजनना वेगळी नावं दिली असती तर मांडण्या 12 झाल्या असत्या.

मृद्गंध, तुमचे 6 बरोबर आहेत, पण एकट्या रेणूचे. दोन ऑक्सिजनांमधल्या प्रत्येक बंधावर एकच हायड्रोजन हवा. मी तुमच्याकडे हायड्रोजन केला तर तुम्हाला त्याच बंधावर करता येत नाही. म्हणजे मांडण्या स्वतंत्र नाहीत.

पॉलिंगने 1935 मध्ये हे असं मोजलं: N रेणूंत 2N बंध. प्रत्येक बंधावरचा हायड्रोजन या टोकाजवळ किंवा त्या, म्हणून एकूण 2^(2N), अर्थात 4^N. आता एक ऑक्सिजन बघा. त्याच्या चार बंधांवर 16 शक्यता, त्यातल्या नेमके दोन हायड्रोजन जवळ असलेल्या 6 च चालतात. प्रत्येक ऑक्सिजनला 6/16 ची चाळणी लावली की 4^N × (6/16)^N = (3/2)^N. आणि R ln (3/2) = 3.37. जियॉक आणि स्टाउट यांनी 1936 मध्ये उष्णतामापनातून काढलेला फरक 0.82 कॅलरी, म्हणजे 3.4.

मृद्गंध: वा! पण प्रत्येक ऑक्सिजनला 6/16 वेगळं लावणं चालतं का? बंधांची वलयं आहेत की.

जुनाखडू: काटेकोरपणे नाही चालत, तिथेच पॉलिंगचं गणित अंदाजी आहे. नेगलने 1966 मध्ये वलयं धरून 1.5 ऐवजी 1.5069 काढलं. त्याने 3.41 येतं. फरक एवढा बारीक की मापनाच्या त्रुटीतच बुडतो.

पारिजात_९: मला CO च छळतोय. R ln 2 5.76, पुस्तकात मोजलेली 4.6. त्यातही शेजाऱ्यांची अट आहे का?

जुनाखडू: तशी सक्तीची अट नाही. द्विध्रुव फार क्षीण, म्हणून उलट-सुलट ऊर्जेत जवळपास सारखेच. थंड होताना थोडे रेणू योग्य दिशेला वळले आणि बाकीचे तसेच गोठले, असं धरलं तर कमी आकडा जुळतो. किती वळले, ते एकट्या एन्ट्रॉपीवरून सांगता येत नाही.

उंबरठा: मग बर्फसुद्धा हळूहळू थंड केला तर 3.4 पेक्षा खाली जाईल?

जुनाखडू: शुद्ध बर्फात हायड्रोजन हलायला दोष लागतात आणि थंडीत ते जवळपास थिजतात. किंचित KOH घातलेल्या बर्फात मात्र 72 केल्विनला सुव्यवस्थित बर्फ XI तयार होतो आणि अवशिष्ट एन्ट्रॉपीचा मोठा भाग तिथे सुटतो. सगळा का सुटत नाही, हे मात्र मलाही कुणी नीट समजावलं तर हवंय.