ऑनलाइन वर्गात चार वेदांत: स्क्रीनवर आडनाव हवं की रोल नंबर?

घणसोलीची_मॅडम
सहावीला शिकवते. मुसळधार पावसात शाळा बंद ठेवायचा आदेश आला की आमचा वर्ग झूमवर भरतो. पटावर ५१ मुलं, त्यात चार वेदांत, तीन स्वरा, आणि एक आर्य नि दोन आर्या. स्क्रीनवर दिसतं काय, तर Vedant, Vedant, VEDANT आणि एक Redmi. "वेदांत, तू सांग" म्हटलं की दोघं एकदम बोलतात नि ज्याला विचारलं तो गप्प. पालकांच्या ग्रुपवर दोन तट पडलेत, एक म्हणतो पूर्ण नाव लिहा, दुसरा म्हणतो रोल नंबर. तुमचं मत सांगा, पण कारणासकट.

नौपाड्याचे_सर
पूर्ण नाव, दुसरा विचारच नको. कॅटलॉगमध्ये आडनाव, नाव, वडिलांचं नाव असं असतंच, तेच स्क्रीनवर लिहायला सांगा. इतकी वर्षं आम्ही वर्गात "जोशी उठ, मोरे उठ" असंच म्हणत आलोय, कोणाचं काही अडलं नाही. मुलाला नंबरने हाक मारणं मला पटत नाही, मुलाला नाव आहे तर नावानेच बोलवा.

ऐरोलीत_क्लास_घेतो
सर, तुमचं नौपाड्यात चालेल, घणसोलीत नाही चालणार. इकडे वर्गात पाटील, म्हात्रे, भोईर किती असतात ते बघा. मॅडमच्या चार वेदांतपैकी दोन पाटील निघाले तर आडनाव लिहूनही तुम्ही होता तिथेच. मग वडिलांचं नाव लागणार, आणि ते येतं सगळ्यात शेवटी.

खरी अडचण तिथेच आहे. फोनवर चौकोन लहान असतो, त्यात नावाची सुरुवात दिसते आणि पुढचं कापलं जातं. `Patil Vedant Sanjay` आणि `Patil Vedant Sachin` दोन्ही चौकोनांत `Patil Vedant...` एवढंच दिसणार. म्हणजे ज्या शब्दाने फरक कळायचा नेमका तोच गायब. म्हणून माझं म्हणणं, जे वेगळं आहे ते सगळ्यात पुढे आलं पाहिजे, आणि वर्गात प्रत्येकाचं हमखास वेगळं असं एकच आहे, रोल नंबर. `07 Vedant`, `31 Vedant`. दोन आकडी लिहायला लावा, 7 नको 07 हवं, नाहीतर यादीत 10 आधी आणि 7 कुठेतरी खाली जातो. सगळ्यांनी इंग्रजी आकडेच टाकायचे हेही आधीच सांगा, अर्धे पालक मराठी कीबोर्डवरून ०७ टाकतात आणि यादीत दोन ढीग होतात.

झूमच्या यादीत हात वर केलेले वर येतात, मग ज्यांचा माईक चालू आहे ते, आणि बाकीचे अक्षरक्रमाने. नंबर पुढे असला की तो खालचा भाग आपोआप कॅटलॉगच्या क्रमाने लागतो. वरून खाली नजर फिरवली की कोण आलं नाही ते दिसतं.

वाशी_सेक्टर_१७
यादी छान लागते हे मान्य, पण मॅडमचा प्रश्न हाक मारण्याचा आहे. "एकतीस, तू सांग" असं अकरा वर्षांच्या पोराला म्हणणार का? माझी मुलगी स्वरा आहे, तिच्या वर्गात तीन स्वरा. एका ऑनलाइन क्लासमध्ये तिला पूर्ण टर्म नंबरने बोलवलं, तास संपला की म्हणायची बाईंना माझं नाव माहीतच नाही. स्क्रीनवर काय लिहायचं ते लिहा, हाक नावानेच हवी.

ऐरोलीत_क्लास_घेतो
ताई, नंबरने हाक मारा असं मी म्हटलंच नाही. नंबर डोळ्यांसाठी, हाक कानांसाठी, ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्या तासाला मी सारख्या नावाच्या मुलांनाच विचारतो की तुला काय म्हणू. एक म्हणतो वेदांत, दुसरा वेदांत एस, तिसऱ्याला घरी वेदू म्हणतात, त्याला ते चालत असेल तर वेदू. मग स्क्रीनवर `31 Vedu`. आमचं म्हणजे शिक्षकांचं चुकतं कुठे, तर हे आपणच ठरवून टाकतो, मोठा वेदांत, छोटा वेदांत, आणि मग ते पोराला वर्षभर चिकटतं.

कळव्यातून
आडनाव नको याला अजून एक कारण आहे आणि ते कोणी बोलत नाहीये. आडनावावरून जात काढणारे पालक आजही आहेत आणि मुलंही घरात ऐकून तेच शिकतात. प्रत्यक्ष वर्गात हजेरीला आडनाव एकदा घेतलं जातं. इथे ते पाऊण तास सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतं. शिवाय तास रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकतात, म्हणजे चेहरा आणि खाली पूर्ण नाव असलेला व्हिडिओ कोणाकोणाच्या फोनमध्ये जाऊन पडतो. शिक्षकाला ओळखायला जेवढं लागतं तेवढंच नाव स्क्रीनवर असावं.

नौपाड्याचे_सर
आडनावाचा हा मुद्दा गंभीर आहे, मी तो हलक्यात घेत नाही. पण आडनाव लपवून जात जात नाही, घरातल्या बोलण्यातून जाते. रेकॉर्डिंगचं म्हणाल तर रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकूच नका, त्यासाठी नाव कशाला कापायचं?

दिघ्याचा_बाबा
शासनाने आता नावात आईचं नावसुद्धा सक्तीचं केलंय ना, मग तेच लिहा की. वेदांत सुनीता, वेदांत रेखा. प्रश्न मिटला.

कळव्यातून
दादा, तो नियम १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांसाठी आहे. ही मुलं सहावीत आहेत आणि इथे कागदपत्रांचा विषय नाही. तरी आईच्या नावाचं अक्षर लावायचा पर्याय ठेवावा, ज्याच्या घरी वडील नाहीत त्या मुलाला दर तासाला वडिलांचं अक्षर लिहायला लावू नये.

मीट_वापरा
तुम्ही सगळे झूममध्येच का अडकलात? गूगल मीट घ्या. तिथे तासाच्या मधे नाव बदलताच येत नाही, नाव अकाउंटवरून येतं. मुलं उगाच नाव बदलून खोड्या काढतात तेही बंद.

ऐरोलीत_क्लास_घेतो
अर्धं बरोबर. शाळेने प्रत्येक मुलाला स्वतःचं अकाउंट दिलं असेल तर मीट सोयीचं, कारण ॲडमिनने नाव एकदा नीट टाकलं की झालं. पण मुलगा आईच्या अकाउंटवरून आला की स्क्रीनवर आईचं नाव येतं आणि ते तुम्हीही बदलू शकत नाही. घणसोलीत किती पोरांकडे स्वतःचं अकाउंट आहे ते मॅडमच सांगतील.

घणसोलीची_मॅडम
शाळेची अकाउंट्स नाहीत. निम्मी मुलं आईबाबांच्या फोनवर आणि त्यांच्याच अकाउंटवरून येतात. आणि हजेरी मी तास संपल्यावर झूमच्या रिपोर्टवरून भरते, तिथे तर अजून गोंधळ आहे.

ऐरोलीत_क्लास_घेतो
हजेरीचं तर मुद्दाम सांगतो, कारण तिथली चूक कोणाच्या लक्षात येत नाही. समजा तास ८ ते ८:४५. रिपोर्टमध्ये Vedant नावाच्या तीन ओळी: ८:०१ ते ८:४५, म्हणजे ४४ मिनिटं. ८:०२ ते ८:१४, १२ मिनिटं. ८:१६ ते ८:४५, २९ मिनिटं. एक्सेलमध्ये नावावरून बेरीज केली तर Vedant ८५ मिनिटं हजर, आणि तास आहे ४५ मिनिटांचा. बेरीज तासापेक्षा जास्त आली की समजायचं, एका नावात दोन मुलं मिसळलीत.

आता वेळा बघा. पहिली ओळ दुसरीच्याही वेळेत चालू आहे आणि तिसरीच्याही, म्हणजे किमान दोन फोन. पण दुसरी आणि तिसरी ओळ एकाच मुलाची का? नेट गेलं नि दोन मिनिटांनी परत आला असेल, तर त्याची ४१ मिनिटं. किंवा दुसरा ८:१४ ला निघून गेला आणि तिसरा वेदांत ८:१६ ला उशिरा आला. नुसत्या नावावरून हे कळायला मार्गच नाही. `07 Vedant` आणि `31 Vedant` असतं तर एका नजरेत कळलं असतं.

आणि तुम्ही यजमान म्हणून तासाच्या मधे `Rename` केलंत तर ते तेवढ्या तासापुरतंच. मूल बाहेर पडून परत आलं की जुनं नाव परत येतं. म्हणून नाव मुलाने आत येतानाच टाकायला हवं, आणि तिथे नाव लक्षात ठेवायची खूण असते ती लावायची. फोनवर आईचं झूम अकाउंट चालू असेल तर आधी त्यातून बाहेर पडायचं, नाहीतर आईचंच नाव येणार. सगळ्यांची नावं लागली की `Rename Themselves` बंद करा, म्हणजे मधेच कोणी दुसऱ्याचं नाव लावणार नाही.

कोपरखैरणे_आई
मी दोन्ही बाजूंचं वाचलं, माझं एवढंच. माझ्या मुलाला एका क्लासच्या तासात बाईंचा खासगी मेसेज आला, "२० पैकी ६, आईला फोन करायला सांग". तो दुसऱ्या वेदांतसाठी होता. चॅटमध्ये मेसेज कोणाला पाठवायचा ती यादी उघडली की दोन Vedant, दोन्ही हुबेहूब. माझा मुलगा दिवसभर रडला, आणि त्या दुसऱ्या मुलाचे मार्क आमच्या घरी कळले ते वेगळंच. त्यामुळे नंबर की नाव यात मला पडायचं नाही, पण दोन नावं सारखी ठेवून तास सुरू करू नका.

वाशी_सेक्टर_१७
हे वाचून नंबरला असलेला माझा विरोध थोडा कमी झाला. तरी नाव आधी, नंबर नंतर असं का नको? `Swara 12`. मुलीला आधी तिचं नाव दिसेल.

ऐरोलीत_क्लास_घेतो
चालेल, पण मग तिन्ही स्वरा यादीत एकाखाली एक येतील, आणि बोट चुकून पडतं ते शेजारच्या नावावरच. नंबर पुढे असला तर 12 आणि 38 यांच्यात बाकीची मुलं येतात. स्वरा छोटं नाव आहे, कापलं जाणार नाही हे खरं, पण श्रावणी किंवा ज्ञानेश्वरी असेल तर नंबर जाण्याची भीती आहे.

नौपाड्याचे_सर
हजेरीसाठी नंबर मान्य. पण एक सांगा, उद्या कोणी बाहेरचा `31 Vedant` लिहून आत आला तर? ग्रुपवर फिरलेल्या एका स्क्रीनशॉटमधून ही पद्धत कोणालाही कळेल. पूर्ण नाव निदान इतकं सहज कोणी टाकणार नाही.

कळव्यातून
स्क्रीनशॉटमध्ये पूर्ण नावं असली तर पूर्ण नावही टाकता येईल, सर. नाव हा काही पासवर्ड नाही. वेटिंग रूममध्ये `31 Vedant` दोनदा दिसला तर मॅडमना तिथेच संशय येईल, नुसते चार Vedant असतात तेव्हा पाचवाही खपून जातो.

घणसोलीची_मॅडम
पुढच्या तासाला दोन आकडी नंबर आणि मागे मुलाने स्वतः निवडलेलं नाव, असं करून बघते. आडनाव नाही. आर्य आणि आर्या दोघंही Arya लिहितात, तिथेही नंबरने काम होईल. नंबर विसरू नयेत म्हणून प्रत्येक पालकाला त्याच्या मुलाचाच नंबर वेगळा पाठवेन, ग्रुपवर यादी टाकणार नाही. फक्त एक अडलंय, माझ्या वर्गात जुळी आहेत, दोघं एकाच फोनवर बसतात, 21 आणि 22. त्यांचं कसं करायचं?

दिघ्याचा_बाबा
`21-22` लिहा.

ऐरोलीत_क्लास_घेतो
लिहायला ठीक, पण हात वर केला तर कोणी केला ते कळणार नाही, आणि एक उठून गेला तरी रिपोर्टमध्ये दोघंही हजर दिसतील. माझ्याकडे अशी जोडी नव्हती. कोणाकडे असेल तर सांगा.