फराळाला ‘उपस्थित राहावे’, ‘यावे’, ‘या’ की ‘येजा’?

धरमपेठ
भाऊबीजेनंतरच्या रविवारी नातेवाइकांना घरी फराळाला बोलवायचं आहे. सासर-माहेर मिळून पंचवीसेक माणसं होतील. व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकायचा मजकूर असा केला आहे:

“दिवाळीनिमित्त आमच्या निवासस्थानी फराळाचा कार्यक्रम आयोजित केला आहे. तरी सर्वांनी रविवारी सायंकाळी ठीक ५ वाजता उपस्थित राहावे, ही विनंती.”

सासूबाई म्हणाल्या, ही तर सोसायटीच्या सभेची नोटीस झाली. ‘विनंती’ लिहूनही तसं का वाटतं? आणि नुसतं ‘या’ लिहिलं तर मोठ्यांना उद्धट वाटेल का?

जुना महाल
सासूबाईंचं बरोबर आहे. ‘उपस्थित’ राहतात सभेला, सुनावणीला, वर्गात. तिथे कोण आलं नाही याची नोंद होते. फराळाला माणूस नुसता येतो. ‘ठीक ५’ हे पंगतीला शोभतं, कारण पंगत एकदम बसते आणि एकदम उठते. फराळाची ताटली सहाला आलेल्यालाही तशीच भरून देता येते, मग ‘ठीक’ कशाला? शिवाय ‘तरी सर्वांनी’ हा ‘तरी’ थेट परिपत्रकातून आलेला आहे. एवढं सगळं आधी आल्यावर शेवटची ‘विनंती’ कुणाच्या कानावर पडतच नाही. ‘यावे’त मात्र काही वावगं नाही.

हनुमाननगर
‘यावे’त वावगं नाही हे मान्य नाही. मराठीतला ‘-आवे’ हा संस्कृत ‘-तव्य’वरून आला, म्हणजे ‘कर्तव्य’मधला. त्यात बंधन आहेच. तुम्ही हे निमंत्रण आहे की आमंत्रण, ते आधी ठरवा. पाणिनीच्या ३.३.१६१ या सूत्रात दोन्ही वेगवेगळे सांगितले आहेत. टीकाकार निमंत्रणाचा अर्थ करतात नियोग, म्हणजे टाळता न येणारं बोलावणं, जसं श्राद्धाच्या जेवणाचं. आमंत्रण म्हणजे कामचार, यायचं की नाही ते येणाऱ्याच्या मर्जीवर. नातेवाइकांना मोकळं वाटायला हवं असेल तर शब्द ‘आमंत्रण’च हवा.

जुना महाल
सूत्राबद्दल वाद नाही, पण आज मराठी वाचणाऱ्याला हा भेद जाणवत नाही. लग्नपत्रिकेवर दोन्ही शब्द दिसतात आणि कुणी त्यावरून जायचं की नाही ठरवत नाही. आपलं ‘आवतण’ही ‘आमंत्रण’वरूनच आलं, पण आवतण घेतलं की जेवायला जावंच लागतं, तिथे मर्जी कुठे उरली?

‘यावे’त बंधन आहे की इच्छा, हे आजूबाजूचे शब्द ठरवतात. “सर्वांनी यावे” याचा साचा “विद्यार्थ्यांनी गृहपाठ करावा” असाच आहे, म्हणून ते अंगावर येतं. “तुम्ही सगळ्यांनी यावं असं फार वाटतं” यात तोच विध्यर्थ इच्छा सांगतो आणि इच्छा बोलावणाऱ्याकडे राहते. क्रियापद तेच, पण ओझं कुणावर आहे ते बदललं.

खामला
सोपा उपाय आहे, ‘अगत्याने यावे’ लिहा. अगत्य हे ‘आगत’वरून आलं, आगत-स्वागतातलं, त्यामुळे त्यात स्वागत आपोआप येतं.

जुना महाल
अगत्यात आपुलकी आहे हे खरं, पण व्युत्पत्ती तशी नाही. अगत्य ‘अगति’वरून आलं, म्हणजे दुसरी गती नाही, गरज आहे. “त्याचं काही अगत्य नाही” म्हणजे गरज नाही. ‘अगत्याने या’ म्हणजे ‘नक्की या’, पण आर्जवानं म्हटलेलं. वयानं मोठ्यांनी धाकट्यांना लिहिलं तर गोड वाटतं. धाकट्यानं मोठ्यांना लिहिलं तर छापील वाटतं.

खामला
आम्ही आगत्य असंच म्हणतो, आ दीर्घ. तेव्हा माझं म्हणणं मी सोडत नाही.

इतवारी
तुम्ही लिहिण्याचंच धरून बसलात. ग्रुपवर टाकलेलं कुणालाच आपलं वाटत नाही, भाषा कितीही गोड असो. मोठे काका-काकू, आत्या, मामा-मामी यांना आधी फोन करावा आणि ग्रुपवर नंतर टाकावं. क्रम उलटा झाला की “आम्हाला ग्रुपवर कळलं” हे ऐकावं लागतं. आणि फोनवर ‘यावे’ कोण म्हणतं? “या न जी” म्हणा, नाही तर “रविवारी येजा बरं.”

हनुमाननगर
‘येजा’ लिहिण्यात कसं चालेल? ती बोली आहे.

इतवारी
फराळाचं बोलावणं बोलीत नाही करायचं तर कशात करायचं? ‘या’ म्हणजे आता या. ‘येजा’ म्हणजे पुढे कधी सवडीनं या. तुम्हाला हवी ती मोकळीक त्या ‘-जा’तच आहे. प्रमाण मराठीत एवढ्या लहान शब्दात हे बसत नाही. पुण्याकडच्या सोयऱ्यांना मात्र लिहू नका, ते ‘ये, जा’ असं वाचतील.

धरमपेठ
दोन अडचणी. ‘बोलावणं’ हा शब्द चालेल का? आणि किती ताटल्या लागतील ते कळायला “येणार की नाही ते कळवावे” लिहावं लागेल ना?

जुना महाल
‘बोलावणं’ बोलण्यात चांगलं, लिहिण्यात जपून. साहेबांचंही बोलावणं येतं आणि यमाचंही. “बोलावणं करते आहे” म्हणा, “बोलावणं पाठवते आहे” नको. ‘कळवावे’ मुळीच नको, कारण ते उत्तर मागतं, आणि न आलेल्याला कारण द्यावं लागतं. फोनवर “येता ना?” विचारलं की आकडा मिळतो. फराळात चार ताटल्या इकडेतिकडे झाल्या तरी डबे आहेतच.

मजकूर असा करून पाहा:

“काकू, काका, रविवारी संध्याकाळी आमच्याकडे फराळाला या. ५ ते ८ आम्ही घरीच आहोत, केव्हाही या. चिवडा, चकल्या, अनारसे केलेत. मुलांनाही आणा.”

‘फराळाला’ लिहिलं आहे, ‘फराळासाठी’ नाही. जेवायला, चहाला, फराळाला ही घरची रीत. ‘साठी’ आलं की कार्यक्रम वाटतो. नात्यानं हाक मारल्यावर ‘या’ उद्धट राहत नाही. उद्धट वाटतं ते ‘सर्वांनी या’. वेळेचं शेवटचं टोक दिल्यामुळे रात्रीचं जेवण नाही हेही न सांगता कळतं. मात्र हा मजकूर ज्याला त्याला वेगळा पाठवायचा, ग्रुपवर नाही.

खामला
‘केव्हाही या’ असं म्हटलं की माणसं येत नाहीत. निश्चित वेळ हवी.

धरमपेठ
मजकूर आवडला. पण नणंदेला हा रविवार जमत नाही म्हणून पुढचा ठरवते आहे.

इतवारी
पंचांग पाहिलं का? यंदा पुढच्या रविवारी कार्तिकी एकादशी आहे. त्या दिवशी ‘फराळाला या’ म्हटलं की अर्धी माणसं साबुदाण्याची उसळ आणि भगर समजून येतील. चकल्यांना हातही लावणार नाहीत. अनारशात तांदूळ, तेही त्यांना चालणार नाहीत.

हनुमाननगर
आणि त्यांचंच बरोबर असेल. फराळ हा ‘फलाहार’चा अपभ्रंश, तो उपासाचाच. बेसनाच्या लाडवाला फराळ म्हणणं हीच मूळ चूक आहे. दिवाळीचे ‘पदार्थ’ म्हणा.

जुना महाल
“दिवाळीच्या पदार्थांना या” असं कुणी म्हणेल का?

इतवारी
‘दिवाळीचा फराळ’ असं लिहा, म्हणजे घोळ नाही. त्याहून बरं, द्वादशीनंतरचा दिवस घ्या. तुळशीची लग्नं पौर्णिमेपर्यंत चालतात, फराळही तोवर चालतो. चकल्या तेवढ्या मऊ पडणार नाहीत असं पाहा.

खामला
चकल्या की चकुल्या?