मदत हवी आहे: रेडमाइनमध्ये संपलेला प्रकल्प ‘आर्काइव्ह’ केला, आता लेखापरीक्षणासाठी काहीच सापडत नाही

खाडीकाठ
नमस्कार. आमची गुहागर तालुक्यातील एक लहान कंत्राटदार संस्था आहे. किनाऱ्यावरील चार गावांतील धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांचे काम आम्ही पूर्ण केले. त्याच्या सर्व नोंदी, म्हणजे दगडांच्या खेपा, मोजमाप पुस्तिकेची पाने, चालू देयके आणि साइटवरील तक्रारी, आमच्याच सर्व्हरवरील रेडमाइनमध्ये आहेत. एक मुख्य प्रकल्प असून त्याखाली प्रत्येक गावाचा एक, असे चार उपप्रकल्प आहेत. शेवटचे देयक मिळाल्यावर यादीतील गर्दी कमी व्हावी म्हणून मी मुख्य प्रकल्पावर `Archive` केले.

आता लेखापरीक्षकांनी सातव्या चालू देयकाशी, म्हणजे RA-07 शी, संबंधित सर्व नोंदी मागितल्या आहेत. शोधपेटीत RA-07 टाकले तर एकही निकाल येत नाही, आणि जुन्या ईमेलमधील दुवा उघडला तर `The project you're trying to access has been archived.` एवढेच दिसते. माहिती गेली आहे का? नसल्यास प्रकल्प संपलेलाही राहील आणि शोधातही येईल, अशी व्यवस्था कशी करावी?

हापूसबाग
घाबरू नका, आर्काइव्ह केल्याने काहीही पुसले जात नाही. डेटाबेसमध्ये सर्व जागच्या जागी असते. ॲडमिन म्हणून लॉग-इन करा म्हणजे शोधात दिसेल.

खाडीकाठ
मी ॲडमिन म्हणूनच शोधत आहे.

दीपस्तंभ
हापूसबाग यांचे पहिले वाक्य बरोबर आहे, शेवटचे नाही. रेडमाइनमध्ये आर्काइव्ह केलेला प्रकल्प ॲडमिनलाही वाचता येत नाही. त्याला तो फक्त `Administration → Projects` या यादीत, स्थितीचा फिल्टर बदलल्यावर दिसतो, आणि तेथून बाहेर काढता येतो. आपल्याला हवी होती ती कृती `Close`. बंद प्रकल्पात लिहिता येत नाही, पण ज्यांना आधी वाचण्याचा अधिकार होता त्यांना तो वाचता येतो आणि शोधातही येतो. बंद असेपर्यंत ॲडमिनलाही त्यातील इश्यू बदलता येत नाही; आधी `Reopen` करावे लागते. लेखापरीक्षणासाठी हीच गोष्ट कामाची आहे.

बाहेर काढताना क्रम सांभाळा. मुख्य प्रकल्प आर्काइव्ह करताना उपप्रकल्प आपोआप आत जातात, पण बाहेर येताना आपोआप येत नाहीत. आधी मुख्य प्रकल्प `Unarchive` करा आणि त्याच्या Overview पानावरून लगेच `Close` करा. मग चारही गावांचे उपप्रकल्प एकेक करून बाहेर काढा. उपप्रकल्प बाहेर येताना आपल्या वरच्या प्रकल्पाची स्थिती घेतो, त्यामुळे ते थेट बंद स्थितीतच येतील आणि मधल्या वेळेत कोणी चुकून नोंद बदलण्याचा प्रश्न उरणार नाही.

मचवा
आमच्याकडे रिपॉझिटरी आर्काइव्ह केली तर ती केवळ वाचण्यापुरती होते आणि सर्वांना दिसत राहते. मग यांची का दिसत नाही?

दीपस्तंभ
आपण कोड ठेवण्याच्या सेवेबद्दल बोलत आहात. तेथे त्या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. रेडमाइनमध्ये आर्काइव्ह म्हणजे माळ्यावर टाकून वर शिडीही काढून घेणे. शब्द एकच असल्यामुळे हा गोंधळ अनेकांचा होतो.

खाडीकाठ
आपण सांगितल्या क्रमाने केले. पाचही प्रकल्प आता बंद स्थितीत दिसतात. परंतु इश्यूंची यादी उघडली तर `No data to display` असे येते, आणि शोधात RA-07 साठी केवळ तीन नोंदी मिळतात. माझ्या आठवणीप्रमाणे त्या निदान वीस तरी असाव्यात.

दीपस्तंभ
यादी रिकामी दिसते कारण तिचा मूळ फिल्टर फक्त उघडे इश्यू दाखवतो, आणि संपलेल्या कामात उघडे इश्यू नसतात. Status च्या फिल्टरमध्ये `open` ऐवजी `any` निवडा. शोधाच्या पानावरही `Open issues only` ही खूण लागलेली नाही ना, हे पाहून घ्या.

तीनच निकालांचे कारण वेगळे असावे. देयक क्रमांक आपण कोठे लिहीत होता? वर्णनात, की स्वतंत्र कस्टम फील्डमध्ये?

खाडीकाठ
‘देयक क्रमांक’ हे वेगळे फील्ड आहे, मजकूर प्रकारचे. ‘एम.बी. पृष्ठ’, म्हणजे मोजमाप पुस्तिकेचे पान, हे दुसरे, पूर्णांक प्रकारचे.

दीपस्तंभ
मग उलगडा झाला. कस्टम फील्डवर `Searchable` ची खूण नसेल तर शोधपेटी त्यात डोकावत नाही. जे तीन मिळाले त्यांच्या वर्णनात किंवा टिपणात कोणीतरी RA-07 लिहिलेले असणार. ती खूण आता लावली तरी चालते. जुन्या नोंदीही त्याच क्षणी शोधात येतात. पूर्णांक प्रकारच्या फील्डला मात्र ही सोयच नाही, त्यामुळे एम.बी. पृष्ठासाठी `Used as a filter` लावा आणि इश्यूंच्या यादीत फिल्टर करून शोधा.

कातळशिल्प
माझा अनुभव सांगतो, विषय थोडा बाजूचा आहे. आमच्या कार्यालयात काम संपल्यावर सोडून गेलेल्या दोन अभियंत्यांची खाती कोणीतरी ‘साफसफाई’ म्हणून काढून टाकली. पुढच्या वर्षी तपासणीत निघालेल्या जुन्या मंजुऱ्यांवर, जिथे त्यांची नावे असायला हवी होती, तिथे सगळीकडे `Anonymous` लिहिलेले होते. मंजुरी कोणी दिली, हे सांगण्यासाठी आम्हाला छापील कागद शोधावे लागले. खाते काढू नका, `Lock` करा. नाव राहते आणि लॉग-इन बंद होते.

खाडीकाठ
हे वेळेवर सांगितलेत, आमच्या पर्यवेक्षकाचे खाते याच आठवड्यात काढायचे ठरले होते. `Searchable` लावल्यावर RA-07 साठी तेवीस नोंदी आल्या. लेखापरीक्षकांना सर्व नोंदींची सीएसव्ही द्यावी असे वाटते. काही अडचण येईल का?

दीपस्तंभ
दोन. निर्यातीची मूळ मर्यादा 500 इश्यूंची असते, आणि आपल्या पाच प्रकल्पांत त्याहून अधिक इश्यू असतील तर फाइल अर्धवट निघेल. ही मर्यादा सेटिंगमध्ये वाढवता येते. फाइलमधील ओळी आणि यादीच्या तळाशी दिसणारी एकूण संख्या जुळते का, हे मोजूनच पुढे पाठवा. दुसरे, सीएसव्हीत नोंदीची आताची स्थिती येते, बदलांचा पूर्ण इतिहास येत नाही. रक्कम कोणी कधी बदलली, हे हवे असेल तर त्यांना वाचण्यापुरता अधिकार असलेली भूमिका देऊन बंद प्रकल्पातच पाहू द्यावे.

आणखी एक गोष्ट. प्रकल्प कोणी कधी बंद केला किंवा पुन्हा उघडला, याची इश्यूसारखी इतिहासनोंद रेडमाइन ठेवत नाही. मी बंद करण्यापूर्वी एक शेवटचा इश्यू तयार करून त्यात तारीख, एकूण इश्यूंची संख्या आणि बंद करणाऱ्याचे नाव लिहून ठेवतो. आपले प्रकल्प आधीच बंद असल्यामुळे त्यासाठी मुख्य प्रकल्प एकदा `Reopen` करावा लागेल.

हापूसबाग
माझी चूक मान्य. पण मोजमाप पुस्तिकेच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ इश्यूला जोडल्या असतील तर त्यातील मजकूर सापडेल का?

दीपस्तंभ
नाही. जोडलेल्या फाइलींच्या शोधात केवळ फाइलचे नाव आणि तिचे वर्णन तपासले जाते, आतील मजकूर नव्हे.

खाडीकाठ
आमच्या बहुतेक फाइलींची नावे `scan0012.pdf` अशीच आहेत. साडेतीनशेच्या आसपास फाइली असतील. प्रकल्प उघडून प्रत्येकीला वर्णन द्यावे, की बाहेर एक वेगळी सूची करावी? बंद प्रकल्पातील नोंदींना हात लावला तर लेखापरीक्षक आक्षेप घेतील, अशी भीती वाटते.

कातळशिल्प
आम्ही सूची केली होती. मात्र ती कोणाकडे ठेवायची, यावरच वाद झाला. तुमच्या लेखापरीक्षकांना आधी लेखी विचारा.