बजेटच्या सहीपायी अडकलेली नोकरी: पाठपुरावा कसा करावा?

मेघना: नमस्कार मंडळी. इथे अमेरिकेतल्या एका विद्यापीठात डेटा अॅनालिस्टच्या जागेसाठी सगळ्या मुलाखती झाल्या. मॅनेजर म्हणाले, "आम्हाला तूच हवी आहेस, पण बजेट मंजूर व्हायचंय. किती दिवस लागतील, मलाच माहीत नाही." आता परत विचारू की गप्प बसू?

अविनाश: दुसरी ऑफर आली आहे म्हणून कळवा. लगेच हलतात.

सुलभाताई: अविनाश, ऑफर खरी असेल तर कळवावंच. तिची अंतिम तारीख हातात असली की मॅनेजरला फायनान्सकडे आग्रह धरता येतो. खोटी असेल तर "अभिनंदन, तिकडेच जा" एवढंच उत्तर येईल, कारण सही त्यांच्या हातात नाही.

मेघना, "किती दिवस?" विचारू नकोस, त्याचं उत्तर त्यांच्याकडे नाही. त्यांना जे माहीत आहे ते विचार: जागा नवीन आहे की कुणी सोडून गेल्यामुळे रिकामी झाली? जागा भरण्याचं मागणीपत्र, म्हणजे रिक्विझिशन, मंजुरीला गेलंय की अजून मसुद्यातच आहे? सही कुणाची राहिलीय? रिकाम्या झालेल्या जागेचा पगार बहुधा चालू बजेटात असतो. नवीन जागा मात्र पुष्कळदा पुढच्या आर्थिक वर्षावर ढकलतात, आणि अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांत ते १ जुलैला सुरू होतं.

मेल चार ओळींची पुरे. शेवटी लिही: "मला अजूनही ही जागा हवी आहे. महिनाअखेरीस पुन्हा लिहीन, त्याआधी काही हललं तर जरूर कळवा." म्हणजे त्यांना लगेच उत्तर द्यायचं दडपण राहत नाही आणि तुला पुन्हा लिहायला निमित्त मिळतं. दोन-तीनदा लिहूनही काम कुठल्या टप्प्यावर आहे हे सांगत नसतील, तर ती जागा मनातून बाजूला ठेव. बाकीचे अर्ज तर आजही थांबवू नकोस.

राहुल: माझंही असंच अडकलंय, पण मी एच-१बी व्हिसावर आहे आणि नोकरी गेली आहे. मॅनेजरने "घेणार आहोत" अशी मेल दिली तर नोकरी गेल्यावर इथे राहायला मिळणारी ६० दिवसांची मुदत थांबते ना?

सुलभाताई: नाही रे, मेलने काहीच थांबत नाही. नव्या कंपनीची याचिका त्या मुदतीत दाखल व्हायला हवी, आणि आय-९४ वरची मुक्कामाची तारीख आधी संपत असेल तर त्याच्याही आत. वकिलाशी आजच बोल आणि मॅनेजरला शेवटची तारीख स्पष्ट सांग.

अविनाश: मला नाही पटत. व्हिसाची घाई कळली की लोक दुसरा उमेदवार बघतात. एचआरला सांगावं, मॅनेजरला नको.

सुलभाताई: तसं होऊ शकतं. पण तारीखच ठाऊक नसेल तर मॅनेजर घाई कशासाठी करतील?

मेघना: ताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे विचारलं आणि दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. जागा नवीन आहे, रिक्विझिशन मसुद्यातच आहे, डीनची सही बाकी आहे. तोवर ग्रँटच्या पैशातून तात्पुरतं कंत्राट देऊ म्हणतात, पण त्यात आरोग्य विमा नाही. असं कंत्राट घेतल्यावर पुढे कायम झालेलं कुणी आहे का इथे?