मदत हवी आहे: डेव्हलपरांच्या चॅटमधल्या चार ओळींवरून बागायतदारांना कळेल अशी रिलीज नोट कशी लिहू?

सड्यावरची:

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीजवळच्या एका आंबा बागायतदार सोसायटीच्या कार्यालयात आहे. आमचं एक अ‍ॅप आहे. बागेतून किती पेट्या निघाल्या ते त्यात नोंदवायचं आणि वाशीहून विक्रीचा आकडा आला की त्यातच पट्टी तयार होते. अ‍ॅप लिहिणारी तीन मुलं पुण्यात असतात. नवी आवृत्ती निघाली की त्यांच्या चॅटवरून चेअरमन, पॅकहाउसचे सुपरवायझर आणि बागायतदार यांच्यासाठी नोट लिहायचं काम माझ्याकडे. मी कॉमर्सची, कोडमधलं काही कळत नाही.

2.8 साठी चॅटवर एवढंच आलं आहे:

```
#412 fix rounding in patti calc - merged
offline retry queue in, behind flag
minSdk 24
reverted grade-wise report, will redo
```

एप्रिलमध्ये अशाच एका ओळीवरून मी लिहिलं होतं, ‘आता रेंज नसतानाही पेट्यांची नोंद करता येईल.’ सड्यावरच्या एका बागेत त्या भरवशावर 62 पेट्या नोंदवल्या गेल्या आणि त्यातली एकही आमच्याकडे पोचली नाही. रात्री ट्रक भरायच्या वेळी त्या काकांनी सगळ्या पेट्या पुन्हा मोजल्या. नंतर चॅट उघडून पाहिलं, तर त्या ओळीच्या शेवटीही `behind flag` होतं. मला अर्थ लागला नव्हता, म्हणून ते दोन शब्द मी गाळले होते. ते अजून मनातून जात नाही. पुन्हा तसं होऊ नये यासाठी काय करू?

कळफलक:

मुलांना शिस्त लावा. प्रत्येक कमिटच्या सुरुवातीला `feat:` किंवा `fix:` लिहायला सांगा. मग स्क्रिप्ट चालवली की नवं काय आणि दुरुस्ती काय याची यादी आपोआप तयार होते. आमच्याकडे तसंच चालतं, हाताने काही लिहावं लागत नाही.

हर्णैकर:

आमच्या मच्छीमार सोसायटीच्या अ‍ॅपचंही तेच. अपडेट आलं आणि तांडेलाच्या जुन्या फोनवर ते चढेच ना. 31 जुलैला बंदी उठते, 1 ऑगस्टला होड्या बाहेर काढायच्या, आणि ऐन वेळी हा घोळ. ताई, तुमच्याकडे असं झालं तर जुनं अ‍ॅप परत कसं घालायचं ते सांगा.

जुना_कोडकरी:

हर्णैकर, तुमचा मुद्दा खाली येतोच. कळफलक यांच्या यादीने वर्गवारी होईल, पण `fix: rounding` वाचून चेअरमनना काय कळणार? शिवाय फ्लॅग चालू की बंद हे त्या यादीत दिसत नाही, आणि ताईंची चूक झाली ती नेमकी तिथेच.

ताई, भाषांतराला बसण्याआधी प्रत्येक ओळ लोकांपर्यंत पोचली आहे का ते विचारा. ‘मर्ज’ म्हणजे कोड मुख्य साठ्यात आला, फोनवर आला असं नाही. ‘फ्लॅगमागे’ म्हणजे कोड फोनवर गेला तरी कळ बंद आहे. तुमच्या काकांच्या बाबतीत हेच झालं. तेव्हा ती ओळ नोटेत नकोच. कळ ज्या दिवशी चालू होईल त्या दिवशी वेगळा निरोप द्या.

रिव्हर्टचं थोडं वेगळं. प्रतवारीचा अहवाल 2.7 मध्ये लोकांनी पाहिला होता का? पाहिला असेल तर ‘तो तूर्त काढला आहे’ हे लिहावंच लागेल, नाहीतर सुपरवायझर तो शोधत बसतील. कधी बाहेरच गेला नसेल तर उल्लेखही नको. मुलांना एवढं चालवायला सांगा:

```
git log --oneline v2.7..v2.8
```

दोन आवृत्त्यांच्या मध्ये काय काय घडलं ते यात दिसतं. अहवाल घातल्याची आणि काढल्याची अशा दोन्ही ओळी यातच असतील, तर तो लोकांनी पाहिलेलाच नाही.

`minSdk 24` म्हणजे अँड्रॉइड 7.0 च्या खालच्या फोनला हे अपडेट मिळणार नाही. फोनवर आधीपासून असलेलं अ‍ॅप राहतं, पण जुन्या आवृत्तीची नोंद सर्व्हर किती दिवस घेणार हे मुलांकडून तारखेसकट घ्या. असे फोन किती आहेत ते प्ले कन्सोलवर त्यांना दिसतं. हर्णैकर, तुमच्या तांडेलांचं बहुधा हेच झालं असावं.

सगळ्यात नाजूक ओळ पहिली. ‘राउंडिंग दुरुस्त’ म्हटलं की बागायतदार विचारणार, म्हणजे आधीच्या पट्ट्या चुकीच्या होत्या? त्याचं उत्तर हातात आल्याशिवाय ती ओळ लिहू नका.

सड्यावरची:

विचारलं. हमाली पेटीमागे 7.65 रुपये. अ‍ॅप प्रत्येक पेटीला ते 8 धरायचं आणि मग बेरीज करायचं. 40 पेट्यांवर 306 व्हायला हवेत तिथे 320 कापले जायचे. आता आधी बेरीज होते आणि पैसे शेवटी पूर्णांकात येतात.

अहवाल फक्त आमच्या कार्यालयातल्या चाचणीत होता, म्हणजे तो गाळते. अँड्रॉइड 6 वाले 11 फोन निघाले, बहुतेक बागेच्या राखणीवरच्या गड्यांकडचे. त्यांच्या नोंदी 31 मे पर्यंत घेतल्या जातील असं मुलांनी लेखी दिलं आहे.

हा मसुदा:

‘पट्टीतील हमालीचा हिशोब बदलला आहे. आधी प्रत्येक पेटीची हमाली पूर्ण रुपयात धरली जात होती, त्यामुळे 40 पेट्यांच्या पट्टीत 14 रुपये जास्त कापले जात. नव्या पट्टीत असं होणार नाही.

ज्यांचा फोन अँड्रॉइड 6 किंवा त्याआधीचा आहे त्यांना हे अपडेट मिळणार नाही. सध्याचं अ‍ॅप काढून टाकू नका, ते 31 मे पर्यंत चालेल. त्यानंतर पेट्यांची नोंद पॅकहाउसमध्ये द्या.

रेंज नसताना केलेली नोंद अजूनही पोचत नाही. रेंजमध्ये येऊनच नोंद करा.’

शेवटचा परिच्छेद मुद्दाम घातला. तुम्ही ती ओळ नको म्हणालात, पण एप्रिलमध्ये मीच उलटं सांगितलं होतं.

जुना_कोडकरी:

मग तो हवाच. मी नवी सोय म्हणून नको म्हणत होतो, सूचना म्हणून बरोबर आहे. फक्त फोनची आवृत्ती कुठे पाहायची ते एका वाक्यात लिहा: सेटिंग्ज उघडून ‘फोनबद्दल’.

हर्णैकर:

ताई, रेंजचं सगळ्यात वर घ्या. आमच्याकडे निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर येतो आणि माणसं वरच्या दोन ओळी वाचून फोन खिशात टाकतात.

कळफलक:

ते 14 रुपये नोटेत घालू नका असं माझं मत. चेअरमनना अडचणीत आणाल. ‘हिशोबात सुधारणा’ पुरे, जुन्या पट्ट्यांचं सोसायटी वेगळ्या पत्राने कळवेल.

जुना_कोडकरी:

मला पटत नाही. पट्टीत हमालीची ओळ बागायतदाराला दिसते, नव्या आणि जुन्या पट्टीतला फरक तो पहिल्याच दिवशी काढेल. पण जुने पैसे परत देणार की नाही हे मात्र नोट लिहिणाऱ्याने ठरवायचं नाही.

सड्यावरची:

रेंजची ओळ वर घेतली, फोनचंही घातलं. आकडा मी ठेवला आहे आणि मसुदा चेअरमनसाहेबांकडे पाठवला आहे. जुन्या पट्ट्यांचा निर्णय सोमवारच्या सभेत होईल, तोवर नोट थांबवली आहे. मुलांना मात्र आजच सांगितलं, की चॅटवर प्रत्येक ओळीपुढे ‘लोकांना कधीपासून दिसेल’ हे लिहायचं. दोघांनी हो म्हटलं, तिसऱ्याचं उत्तर अजून यायचं आहे.