बेसिक झालं, आता वेब, डेटा, ॲप का ऑटोमेशन? एकच धरायचं तर कोणतं?

दिग्रसचा_पोट्टा: बीएस्सी फर्स्ट इयरला आहो, गाव दिग्रस तालुक्यात. पायथनचं बेसिक झालं, लूप, फंक्शन, लिस्ट, फाईल वाचणं येते. चारही गोष्टी आवडते पण सगळे म्हणते एकच धर. लॅपटॉप 4 जीबी रॅमचा हाय, लाईन दिवसातून कितीदाही जाते. काय धरू?

पऱ्हाटीवाला: ॲपच धर भाऊ. गावात लॅपटॉप कोणाकडं हाय, फोन घरोघरी हाय. आमच्या घरी कापूस वेचणीचा हिशेब वहीत राहते, कोणत्या बाईनं किती किलो वेचलं, उचल किती घेतली, मी त्याचंच ॲप करून राहिलो कॉटलिनमध्ये. दुसरं काही शिकून गावाच्या काय कामाचं?

आर्वीची_ताई: भाऊ, तुझं काम चांगलं आहे पण याच्या लॅपटॉपवर ते होणार नाही. अँड्रॉइड स्टुडिओला गूगलच कमीत कमी 8 जीबी रॅम सांगते, एम्युलेटर म्हणजे लॅपटॉपवरचा नकली फोन चालवायचा तर 16. केबलनं खरा फोन जोडला तर एम्युलेटर वाचतो, पण बिल्ड तर लॅपटॉपवरच होणार ना, आणि मधेच लॅपटॉप बंद पडला का बिल्ड पुन्हा लावा. वरून भाषाही नवी शिकावी लागते.

दिग्रसवाल्या दादा, तू आधी दिशा ठरवूच नको, एक काम ठरव. घरी सोयाबीन असेल तर सरकारच्या ॲगमार्कनेट साईटवरून जवळच्या दोन बाजार समित्यांची आवक आणि भाव उतरवून घे. अनेक फाईली एका स्क्रिप्टनं जोडल्या का ते ऑटोमेशन झालं, कोणत्या महिन्यात भाव कुठं जास्त होता हे काढलं का डेटा झाला, त्याचा तक्ता एका पेजवर लावला का वेब. ज्या टप्प्यावर जेवायला हाक मारली तरी उठावं वाटत नाही तो तुझा.

आणि यात एक जागा आहे जिथं तुझी परीक्षा होईल. तारीख आपल्या पद्धतीनं लिहिलेली असली, 05/10/2023, म्हणजे 5 ऑक्टोबर, तर pandas, म्हणजे तक्ते हाताळायची पायथनची लायब्ररी, तिला 10 मे समजते. व्हर्जन 2.0 च्या आधी तर 12 पर्यंतच्या तारखा उलट्या आणि 13 पासूनच्या बरोबर, असं मिसळून टाकायचं आणि एररही नाही. आता बहुतेक वेळा एरर येते, पण फाईलमध्ये 12 पर्यंतच्याच तारखा असल्या तर आजही गुपचूप उलट्या होतात. म्हणून फाईल pandas नं df मध्ये वाचली का तारखेची पद्धत स्वतः सांगायची:

```
df["date"] = pd.to_datetime(df["date"], format="%d/%m/%Y")
```

चुकलं हे ओळखायचं कसं तर आवकेचा ग्राफ काढ. ऑक्टोबरचा माल उधळून दर महिन्याच्या 10 तारखेला एक उंच खांब दिसेल. मे महिन्याच्या एकाच दिवशी एवढं सोयाबीन कुठून आलं, हा प्रश्न कास्तकाराच्या पोराला लगेच पडतो. असं शोधायला मजा आली तर डेटा धर, वैताग आला तर नको धरू.

खामगावकर_88: ताई, पटलं नाही. नवीन पोराले तारखा दुरुस्त करायला लावलं तर दोन आठवड्यात सोडून देईल. वेबच पहिलं. नोटपॅडमध्ये एक HTML फाईल लिहायची, ब्राउझरमध्ये उघडायची, 4 जीबीले काही होत नाही आन् घरचे लोक पाहते तरी का पोरगं काय करून राहिलं. तीच फाईल व्हॉट्सॲपवर पाठवायची, बाबाले रोजचा भाव दिसत राहीन.

आर्वीची_ताई: दिसेल, पण पाठवली त्या दिवसाचाच. फाईल एकदा फोनमध्ये गेली का तिथंच थांबली. रोज बदलायचा असेल तर पेज कुठं तरी ठेवावं लागते, गिटहब पेजेस फुकट आहे, पण नवा भाव टाकायला स्क्रिप्ट लागतेच. म्हणजे वेब धरलं तरी पुन्हा ऑटोमेशनकडंच यायचं. घरचे पाहतात हे मात्र तुमचं खरं आहे, त्यावर मी भांडणार नाही.

शाळेतला_बाबू: मी शाळेत क्लार्क आहो, मार्कांच्या एक्सेल फाईली पायथननं जोडतो openpyxl वापरून. बेरजेच्या कॉलममध्ये आकड्याऐवजी =SUM(B2:F2) असंच येऊन राहिलं, कोणाले माहीत हाय का?

आर्वीची_ताई: फाईल उघडताना data_only=True द्या. तरी रिकामं आलं तर ती फाईल एक्सेलमध्ये एकदा उघडून सेव्ह करा, बेरीज तेव्हाच फाईलमध्ये साठते.

दिग्रसचा_पोट्टा: ताई, दारव्हा आन् दिग्रसच्या फाईली उतरवतो आज. पण भाव काढताना नुसती सरासरी घेतली तर चालते का?

आर्वीची_ताई: नको. समज एक दिवस 50 क्विंटल 4000 नं गेलं आणि दुसऱ्या दिवशी 950 क्विंटल 4600 नं. नुसती सरासरी 4300, पण मालाप्रमाणं हिशेब केला तर 4570 येते. आवकेनं गुणून, बेरीज करून, मग एकूण आवकेनं भाग.

पऱ्हाटीवाला: हे सगळं ठीक हाय ताई, पण त्याच्या बाबाले तो 4570 शेवटी फोनवरच पाहा लागन ना? मी अजूनही ॲपच म्हणतो, रॅम वाढवून घे म्हणा.